फ्रीझरमधलं चिकन, फ्रीझरमधले बांगडे

रात्री चिकन ओट्यावर काढून ठेवते, सकाळी रस्सा करते. आजवर कधी कुणाचं पोट बिघडलं नाही. मग काय हरकत आहे?

बर्फ आधी बाहेरून वितळतो. तुकड्याच्या मध्यभागी दगड असतो, तेव्हा वरचा थर स्वयंपाकघराइतका गरम होऊन तासन्‌तास तसाच पडलेला असतो. फ्रीझरमध्ये साल्मोनेलासारखे जंतू मरत नाहीत, नुसते थांबतात. 5 ते 60 अंशांत ते पुन्हा वाढू लागतात. कच्चं मांस बाहेर जास्तीत जास्त दोन तास ठेवावं, कडक उन्हाळ्यात एकच. शिजवल्यावर जंतू मरतात हे खरं, पण काहींनी सोडलेलं विष उकळूनही जात नाही. शिवाय सुटलेलं पाणी ओट्यावरून कोथिंबिरीपर्यंत पोचतं ते वेगळंच. रविवारी दुपारी किलोभर चिकन करायचं असेल तर शनिवारी सकाळीच खोलगट भांड्यात घालून फ्रीजच्या सगळ्यात खालच्या कप्प्यात ठेवा.

पाहुणे अचानक आले तर? गरम पाण्यात टाकू का?

गरम नको, नळाचं गार पाणी घ्या. पिशवी घट्ट बंद करून पूर्ण बुडवा आणि दर अर्ध्या तासाने पाणी बदला. अर्धा किलोचे तुकडे साधारण तासाभरात सुटतात. मायक्रोवेव्हही चालतो, पण त्यात कडा शिजू लागतात. दोन्ही रीतींत मांस सुटलं की लगेच फोडणीला टाका.

बांगडे बाहेर काढले, सहा सुटले. तीनच तळायचे होते. उरलेले परत फ्रीझरमध्ये टाकले तर?

कुठे सुटले यावर ते ठरतं. फ्रीजमध्ये सुटले असतील आणि अजून गारच असतील, तर परत गोठवण्यात धोका नाही, चव मात्र जाते. घरचा फ्रीझर हळूहळू गोठवतो, त्यामुळे बर्फाचे मोठे खडे होऊन मासळीचे धागे फाटतात. दुसऱ्यांदा तेच झालं की तव्यावर पाणी सुटतं आणि बांगडा भुसभुशीत होतो.

ओट्यावर किंवा गार पाण्यात सोडवले असतील तर कच्चे परत ठेवू नका. बांगडा, कुपा या मासळीत ऊब मिळाली की जंतू हिस्टामिन तयार करतात. गोठवून, तळून, उकळूनही ते जात नाही, आणि वासावरून ते कळेलच असं नाही. खाल्ल्यावर थोड्याच वेळात तोंड लाल होतं, अंगाला खाज सुटते, डोकं ठणकतं. लोक त्याला मासळीची ॲलर्जी समजतात. बाहेर दोन तासांच्या आत असतील तर सहाही तळून टाका, तळलेले गोठवता येतात. रात्रभर बाहेर राहिलेले टाकून द्या, कितीही जिवावर आलं तरी. पुढच्या वेळी आणल्यावरच तीन-तीनच्या पिशव्या करा.

लाईट गेली आणि फ्रीझर सुटू लागला. सगळं फेकायचं?

नाही. दाबून पाहा. आत बर्फ लागत असेल किंवा पाकीट फ्रीजइतकं गार असेल, तर परत गोठवा. कोमट झालेलं आणि किती वेळ तसं होतं याचा पत्ता नसलेलं ठेवू नका. लाईट येईपर्यंत दार मात्र उघडू नका.