सोनेतारणाच्या जाहिरातीत काय छापावं, काय छापू नये?

*वकील साहेब, लातूरला माझा जाहिराती लिहून छापायचा छोटा व्यवसाय आहे. एका सोनेतारण कंपनीला ‘विश्वास, पारदर्शकता, झटपट कागदपत्रं’ यावर मजकूर पाहिजे. त्यांनीच दिलेल्या ओळी: ‘३ मिनिटांत कर्ज, रोख हातात. ग्रॅमला ८,५०० रुपये. सोयाबीन आल्यावर एकदाच फेडा.’ उद्या तक्रार झाली तर मी अडकेन का?*

‘३ मिनिटांत’ आधी काढा. सोनेतारण करणाऱ्या वित्त कंपन्यांनी दोन-तीन मिनिटांत कर्ज मिळेल अशा दिशाभूल करणाऱ्या जाहिराती करू नयेत, असं रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच सांगितलंय. ग्राहकासमोर कस लावायचा, वजन करायचं, शुद्धता आणि वजावट लिहिलेला दाखला द्यायचा, हे सगळं तेवढ्या वेळात प्रामाणिकपणे होतच नाही. ‘रोख हातात’ही चालणार नाही. २०,००० रुपयांच्या वर रक्कम खात्यातच जायला हवी.

खरी गोम ‘ग्रॅमला ८,५००’ मध्ये आहे. समजा गंठण २२ ग्रॅमचं आहे. काळे मणी आणि लाख यांचे २ ग्रॅम वजा होतात, कारण किंमत फक्त सोन्याची धरतात. २२ कॅरटचा दर १०,००० धरला तर २० ग्रॅमचे २ लाख. घरखर्च, लग्न, दवाखाना अशा कारणांसाठी अडीच लाखांपर्यंतच्या कर्जाला किमतीच्या ८५ टक्क्यांची मर्यादा आहे, म्हणजे १,७०,०००. कंपनीचा आकडा इथूनच आलाय. पण मुद्दल-व्याज वर्षाअखेरीस एकदम फेडायचं असेल, तर जून २०२५ च्या नियमांप्रमाणे ही मर्यादा फेडीच्या एकूण रकमेला लागते. १८ टक्के व्याज धरलं तर हातात साधारण १,४४,०००, म्हणजे ग्रॅमला ७,२००. ८,५०० चा आकडा आणि ‘सोयाबीन आल्यावर एकदाच फेडा’ या दोन ओळी एकाच जाहिरातीत म्हणूनच खोट्या ठरतात. उदगीरहून जाहिरात वाचून आलेल्या बाईला २० ग्रॅमवर २६,००० कमी मिळतील, आणि तक्रार तिथूनच येईल.

तुमच्यापुरतं बोलायचं तर, दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबाबतची २०२२ ची केंद्रीय मार्गदर्शक तत्त्वं जाहिरात एजन्सीलाही लागू आहेत. नुसती छपाई आणि मजकूर रचणं यात फरक आहे, आणि तुम्ही रचताय. म्हणून प्रत्येक आकड्याचा आधार कंपनीकडून लेखी, सही-शिक्क्यासह घ्या. नोंदणी प्रमाणपत्राची प्रत मागा आणि ते नाव रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावरच्या यादीत पाहा. ‘नोंदणीकृत’ लिहा, ‘रिझर्व्ह बँकेची हमी’ कधीच नको. अटींची ओळ मराठीतच, दाव्याच्याच टाइपात, ठळक जागी टाका. खाली बारीक इंग्रजीत दडवलेली अट तुम्हाला वाचवणार नाही.

‘विश्वास’ हा शब्द ठेवायचा असेल तर त्याखाली नियमातलंच लिहा: ‘तुमच्यासमोर वजन, मराठीत दाखला. कर्ज फिटल्यावर जास्तीत जास्त ७ कामाच्या दिवसांत दागिने परत. आमच्यामुळे उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई.’ कंपनी हे छापायला कां-कूं करू लागली, तर हे काम घेऊ नका.