तांब्याची तार वाकते, पण मिठाचा खडा तुटतो, असे का?

प्रश्न: तांब्याची तार सहज वाकते, पण मिठाचा खडा ठोकला की फुटतो. पुस्तकात एज आणि स्क्रू डिस्लोकेशन वाचले, पण त्यांचा याच्याशी काय संबंध ते कळले नाही.

उत्तर: तांब्याच्या स्फटिकातील अणूंचा एक अख्खा थर दुसऱ्यावरून एकाच वेळी सरकवायचा म्हटले, तर हिशेबाने हजार मेगापास्कलहून जास्त ताण लागतो; प्रत्यक्षात शुद्ध तांब्याचा एकसंध स्फटिक साधारण एक मेगापास्कलला सरकू लागतो. ही तफावत टेलर, ओरोवान आणि पोलान्यी यांनी 1934 मध्ये, स्वतंत्रपणे, एकाच कल्पनेने समजावली: थर एकदम सरकत नाही, रेषेरेषेने सरकतो.

आपल्याकडच्या भाताच्या खाचराचे चित्र डोळ्यांसमोर आणा. लावणी करताना वरच्या अर्ध्यात एक ओळ जास्त पडली आणि ती खाचराच्या मधोमधच संपली. स्फटिकात अशा रीतीने अणूंचा एक अर्धाच थर घुसलेला असतो, आणि तो जिथे संपतो ती रेषा म्हणजे एज डिस्लोकेशन. ताण दिला की ही अर्धी ओळ खालच्या शेजारच्या ओळीशी जोडली जाते आणि त्या ओळीचा वरचा भाग आता जादा ठरतो. एका वेळी एकाच रेषेवरचे बंध बदलतात, म्हणून बळ थोडे पुरते. ही रेषा सरकण्याच्या दिशेला काटकोनात असते. स्क्रू डिस्लोकेशनमध्ये, ज्याची कल्पना बर्गर्स यांनी 1939 मध्ये मांडली, रेषा आणि सरकण्याची दिशा समांतर असतात, आणि त्या रेषेभोवती थर गोल जिन्यासारखे चढत जातात.

आता मीठ. मिठात डिस्लोकेशन नसतात असे नाही. ती असतात आणि सरकतातही. पुस्तकांत सहसा एवढेच सांगतात की थर सरकला की समान विद्युतभाराचे आयन समोरासमोर येतात आणि स्फटिक दुभंगतो. माझ्या मते हे अर्धेच उत्तर आहे, कारण सरकणे कोणत्या पातळीवर होते यावर सारे अवलंबून आहे. घनाच्या बाजूला समांतर असलेल्या पातळीवर थर सरळ एका आयनाइतका सरकला, तर सोडियमसमोर सोडियम येतो. तिरपा सरकला तरी अर्ध्या वाटेवर विरुद्ध भारांचे आकर्षण जवळजवळ नाहीसे होते. मात्र घनाला कर्णरेषेत छेदणाऱ्या पातळीवर, तिच्यातील ठरावीक दिशेने सरकताना, सोडियमच्या रांगेसमोर पूर्ण वेळ क्लोरीनचीच रांग राहते. म्हणून खोलीच्या तापमानाला मिठात सरकणे जवळजवळ याच पातळ्यांवर होते.

खरी अडचण अशा वाटा फार कमी असण्याची आहे. तांब्यात चार पातळ्या आणि प्रत्येकीत तीन दिशा, म्हणजे बारा वाटा आहेत. कणाकणांनी बनलेल्या पदार्थातील प्रत्येक कणाला शेजाऱ्यांबरोबर हवा तसा आकार बदलायचा असेल, तर एकमेकांपासून स्वतंत्र अशा पाच वाटा लागतात. तांब्याच्या बारांतून त्या मिळतात. मिठात वाटा सहा असल्या, तरी स्वतंत्र दोनच ठरतात. शिवाय तांब्यात सरकण्याची प्रत्येक दिशा दोन पातळ्यांत सामाईक असते, त्यामुळे अडथळा आला तर स्क्रू डिस्लोकेशन दुसऱ्या पातळीवर वळू शकते. मिठात ती दिशा एकाच सोप्या पातळीत असते, म्हणून वाट अडली की डिस्लोकेशन तिथेच साचतात, ताण वाढत जातो आणि फट पडते. ही फट घनाच्या बाजूला समांतर पसरते, कारण ती पातळी सर्वांत कमी ऊर्जेत उघडते.

हे घरीही पाहता येते. मी शिरोड्याच्या मिठागरातला एक मोठा, त्यातल्या त्यात स्वच्छ खडा घेऊन, त्याच्या बाजूला समांतर ब्लेड धरून हलकेच टकटक केले. तो सपाट दुभंगला, आणि तुकड्यांचे कोनही काटकोनच निघाले. ब्लेड तिरपे धरले, तेव्हा मात्र नुसता चुरा झाला. (मिठागरातल्या खड्यात खारे पाणी अडकलेले असते, त्यामुळे एखादा खडा आधीच तडकलेला निघतो, दोन-चार खड्यांवर करून पाहावे.) तांब्याची मऊ तार मात्र पुन्हा पुन्हा वाकवली की हाताला कडक लागू लागते, कारण डिस्लोकेशन वाढून एकमेकांत अडकतात. तापवून मऊ केली की ती पुन्हा वाकते.

मिठातील डिस्लोकेशन खरोखर सरकतात याचा पुरावा अब्राम योफे यांनी 1920च्या दशकात दाखवलेल्या प्रयोगात आहे: कोरडी असताना मोडणारी मिठाच्या एकाच स्फटिकाची पट्टी गरम पाण्यात धरली, तर वाकते. पाणी पृष्ठभागावरचे बारीक तडे विरघळवून टाकते, आणि फट सुरू व्हायला जागाच न उरल्याने डिस्लोकेशनना सरकायला अवसर मिळतो.