नोटिशीला आधारच जोडलेला नाही, मग उत्तर कशाचं द्यायचं?

प्रश्न: वकीलसाहेब, माझा भंगाराचा धंदा आहे. जीएसटी पोर्टलवर कलम ७४ खाली डीआरसी-०१ आली आहे. ‘मिळालेल्या माहितीनुसार पुरवठादार अस्तित्वात नाही’ म्हणून २०२१-२२ चं ४,८०,००० रुपयांचं क्रेडिट परत मागितलंय. कोणता पुरवठादार ते लिहिलेलं नाही, दंडाच्या रकान्यात शून्य आहे, सोबत एकही कागद नाही. उत्तर कशाचं देऊ?

उत्तर: मुदत मात्र चुकवू नका. गप्प बसलात तर एकतर्फी आदेश होईल. डीआरसी-०६ मध्ये उत्तर भरा आणि त्याची सुरुवात हरकतीने करा. पुरवठादाराचं नाव व जीएसटी क्रमांक, बिलवार तक्ता, ‘माहिती’ ज्या पत्राने आली ते पत्र, जागेच्या पाहणीचा अहवाल आणि कुणाचा जबाब घेतला असेल तर त्याची प्रत लेखी मागा.

पाहणीचा अहवाल मागण्याला खास कारण आहे. अधिकारी २०२४ मध्ये गेले आणि गाळा बंद दिसला, एवढ्यावरून २०२१ मध्ये तिथे धंदा नव्हता असं ठरत नाही. पण पाहणीची तारीखच कळली नाही, तर हे तुम्ही मांडणार कसं? नोटीस अपुरी म्हणतात ती यासाठी.

दुसरी हरकत कलम ७४ ची. त्यासाठी फसवणूक, जाणूनबुजून खोटं कथन किंवा माहिती दडवणं लागतं, आणि यातलं तुम्ही नेमकं काय केलंत ते नोटिशीतच हवं. अबकारीच्या कौर अँड सिंग प्रकरणात (१९९७) सर्वोच्च न्यायालयाने हेच सांगितलं. झारखंड उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये एनकेएएस सर्व्हिसेसच्या प्रकरणात कलम ७४ ची अशीच मोघम नोटीस रद्द केली.

केवळ हरकतीवर मात्र थांबू नका. क्रेडिट खरं असल्याचं सिद्ध करण्याचा भार कलम १५५ ने तुमच्यावरच आहे. म्हणून त्याच उत्तरात ‘हरकतीला बाध न येता’ असं लिहून बिलं, ई-वे बिल, ट्रकची बिल्टी, वजनकाट्याची पावती आणि बँकेतून पैसे दिल्याचा उतारा जोडा. कागद मिळाल्यावर पुरवणी उत्तराचा हक्क राखा आणि प्रत्यक्ष सुनावणीही मागा.

दंडाच्या शून्याबद्दल आपणहून काही लिहू नका. कलम ७५(७) प्रमाणे नोटिशीतल्या रकमेपेक्षा जास्त मागणी आदेशात करता येत नाही, नोटिशीत नसलेलं कारणही पुढे आणता येत नाही. व्याजाला मात्र ही ढाल पुरत नाही, कलम ७५(९) ने ते लागतंच.

उच्च न्यायालयात रिट करता येते, पण घाई नको. नोटीस रद्द झाली तरी बहुधा नव्याने काढायची मुभा खात्याला मिळते, आणि २०२१-२२ साठी कलम ७४ चा आदेश ३१ डिसेंबर २०२७ पर्यंत होऊ शकतो.