एक्स-रे छान आला, तरी डोस जास्त गेला हे कसं ओळखायचं?

प्रश्न: परळला पोर्टेबलवर ट्रेनी आहे. छातीचे फोटो छानच येतात, मग एक्स्पोजर जास्त होतंय हे कळणार कसं?

उत्तर: फोटोवरून नाही, स्क्रीनवरच्या DI वरून कळतं; एक्स्पोजर टार्गेटपेक्षा किती कमी-जास्त झालं ते हा आकडा सांगतो. डिजिटलमध्ये एक्स्पोजर जास्त झालं तरी उजळपणा आपोआप जुळतो. फिल्मसारखा फोटो काळा पडत नाही, उलट दाणे कमी दिसतात. म्हणूनच एमएएस नकळत चढत जातो. डिटेक्टरवर किती एक्स्पोजर पोहोचलं ते EI सांगतो. टार्गेट EI 250 असताना 500 आला, तर DI +3, म्हणजे डिटेक्टरवर दुप्पट. 4 एमएएस दिला असेल तर तशाच बांध्याच्या पुढच्या पेशंटला केव्हीपी आणि अंतर तेच ठेवून 2 द्या. रोजच असं येत असेल तर चार्टच बदलून घ्या. मात्र DI म्हणजे पेशंटचा डोस नव्हे. कोलिमेशन ढिलं असेल किंवा फील्डमध्ये धातूचं इम्प्लांट असेल तर तो आकडा फसवतो.