लटकता टॅग काढताना प्रथम सावली पाहा

तुम्ही फोटोशॉपमध्ये लटकता टॅग काढून पाठवलेल्या पट्टेरी शर्टाच्या फोटोत टॅग गेला आहे, पण त्याची सावली आणि दोऱ्याचा तुकडा मागे राहिला आहे. नवशिक्यांची ही नेहमीची चूक आहे, म्हणून निवड करताना टॅग, दोरा आणि सावली हे तिन्ही एकत्र धरावेत.

मूळ चित्राला हात न लावता त्यावर नवा रिकामा लेयर घ्यावा आणि क्लोन स्टॅम्पचे Sample `Current & Below` वर ठेवावे, म्हणजे चुकलेला भाग नुसता पुसता येतो. पट्टेरी कापडात नमुना पट्ट्याच्या कडेवरूनच घ्यावा: Alt दाबून टॅगच्या वर, त्याच पट्ट्याच्या कडेवर क्लिक करावे आणि टॅगखाली ती कड जिथून जायला हवी नेमके तिथे पहिला ठिपका द्यावा. तो जुळला की उरलेले पट्टे आपोआप जुळतात. नाही जुळला, तर पुढे कितीही सारवासारव केली तरी पट्टा मोडलेलाच दिसतो. नमुना शेजारच्या चुणीतून घेऊ नये, कारण तिथला उजेड वेगळा असतो.

ब्रशची कड फार मऊ असेल तर वीण धूसर होते आणि तिथे डाग पडल्यासारखा वाटतो. हीलिंग ब्रश शेवटी, तोही फक्त कापडाच्या आतील भागात वापरावा. शर्टाच्या कडेजवळ तो पार्श्वभूमीचा रंग कापडात ओढतो. १०० टक्के आकारात वीण तपासावी, मग चित्र लहान करून पाहावे, कारण एकाच ठिकाणचा नमुना वारंवार वापरल्याच्या खुणा लहान आकारातच चटकन नजरेत भरतात.