कॉर्नर प्लॉट किती रुंद धरावा?

प्रश्न: एक एकराच्या ले-आउटमध्ये 12 मीटरचा मुख्य आणि 9 मीटरचा आतला रस्ता आहे. सगळे प्लॉट 10 मीटर रुंद ठेवले तर चालेल?

उत्तर: मधले चालतील, कॉर्नरचे नाही. समजा रस्त्याकडे 3 मीटर आणि बाजूला 1.5 मीटर सामासिक अंतर सोडायचंय. मधल्या प्लॉटवर घराला 7 मीटर रुंदी मिळते. कॉर्नरला दोन्ही रस्त्यांकडून 3 मीटर सुटतात, म्हणून उरतात साडेपाचच. तिथे 11.5 मीटर धरा. चौकातला कोपरा 3 बाय 3 मीटर तिरका छाटला तर आणखी साडेचार चौरस मीटर जातात. ते प्लॉटच्या क्षेत्रफळात मोजू नका, नाहीतर मोजणीच्या वेळी भांडण ठरलेलं. गेट 9 मीटरच्या रस्त्यावर, चौकापासून लांबच्या टोकाला द्या. आणि हो, 9 मीटर म्हणजे सगळं डांबर नव्हे, गटार-फुटपाथही त्यातच.