माईकवर दोन शब्द, शेजारच्या मुलीसाठी

“शेजारच्या मुलीला शाळेत हस्ताक्षराचं बक्षीस मिळालंय. सोसायटीच्या गणपतीत आरतीनंतर तिच्यासाठी दोन शब्द वाचायला मला सांगितलंय. माझा मुलगा तिच्याच वर्गात आहे. लिहायला बसलं की एकतर भाषण होतं, नाहीतर तोंडदेखलं वाटतं. काय लिहू?”

गणपतीच्या दिवसांत आणि शाळांच्या स्नेहसंमेलनांच्या आसपास हा प्रश्न माझ्याकडे हमखास येतो. विचारणारं माणूस बहुतेक वेळा आई असतं. या ताई तीनदा आल्या. त्या बोलण्यातलं जे इतरांच्या उपयोगाचं आहे, तेवढंच ताईंच्या परवानगीने इथे देते.

पहिल्या भेटीत त्यांनी पाऊण पानाचा मजकूर वाचून दाखवला. मुलगी ‘अत्यंत हुशार आणि गुणी’ होती. तिने आईवडिलांचं नाव उज्ज्वल केलं होतं, उत्तरोत्तर प्रगती करून यशाची उत्तुंग शिखरं गाठायची होती, आणि शेवटी ‘आमच्या मुलानेही हिच्याकडून काही शिकावं’ असं होतं. मी म्हटलं, “यात तिचं नाव काढून गेल्या वर्षी धावण्यात पहिल्या आलेल्या मुलाचं घाला.” त्यांनी तसं वाचलं आणि थांबल्या. “बसतंय की!”

जे वाक्य दुसऱ्या कोणालाही बसतं, ते खोडायचं. त्यांनी पेन्सिल घेतली. अभिनंदन आणि नाव एवढंच उरलं.

‘हुशार’ हा शब्द खोडायला त्यांचा जीव होईना. पण तोच मी सगळ्यांत आधी काढायला सांगते. मानसशास्त्राच्या संशोधक क्लॉडिया म्युलर आणि कॅरल ड्वेक यांनी 1998 साली अमेरिकेतल्या पाचवीतल्या मुलांबरोबर केलेलं काम प्रसिद्ध केलं. कोडी सोडवल्यावर ज्यांना ‘तू हुशार आहेस’ म्हटलं, त्यांच्यातली बरीच मुलं पुढे सोपं काम निवडायला लागली, कारण हुशारी टिकवून दाखवायची होती. ज्यांच्या मेहनतीचं नाव घेतलं, ती शिकायला मिळेल अशा कामाकडे वळली. फुगवलेल्या शब्दाचंही तसंच. ब्रुमेलमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2014 साली दाखवलं की ‘सुंदर चित्र’ याऐवजी ‘अविश्वसनीय सुंदर चित्र’ एवढा एक शब्द वाढला, तरी स्वतःबद्दल आधीच साशंक असलेली मुलं अवघड चित्रं टाळू लागतात. म्हणून ‘अत्यंत’ही गेला. मात्र नुसतं ‘तू खूप मेहनत घेतलीस’ हेही पुरत नाही. तेही कोणालाही बसतं.

दुसऱ्या भेटीत मी एकच विचारलं. “तिला काही करताना तुम्ही स्वतःच्या डोळ्यांनी कधी पाहिलंय?”

“नाही हो. ती तिच्या घरात, मी माझ्या.”

मी गप्प राहिले. अशा वेळी घाईने दुसरा प्रश्न विचारला तर सापडणारं हरवतं.

“जिन्यात बसायची,” त्या बऱ्याच वेळाने म्हणाल्या. “जूनमध्ये त्यांच्याकडे पाहुणे होते, तेव्हा. मांडीवर पॅड, त्यावर दुरेघी वही. आणि पानभर नुसता ‘ळ’. मी भाजी घेऊन वर येत होते, तर मला म्हणाली, ‘काकू, दोन्ही गोल सारखे आलेत का?’ उजवा मोठा व्हायचा तिचा.”

मजकूर सापडला होता. ‘ळ’ला शिरोरेषेखाली दोन गोल असतात आणि हात वेगात आला की दुसरा गोल फुगतो. हे ज्याने पानभर गिरवलंय त्यालाच कळतं आणि त्या मुलीला ते माहीत होतं. कौतुकात मुलाला हवी असते ती एवढीच साक्ष: तू काय करत होतास, ते मी पाहिलं.

तेवढ्यात ताईंचे डोळे भरून आले. “खरं सांगू? बक्षिसांची यादी आली तेव्हा मी आधी माझ्या मुलाचं नाव शोधलं. मग तिचं वाचलं.” मी म्हटलं, “कोणतीही आई तेच करील. ते इथे बोललात, आता ते कागदावर शिरणार नाही.” तोंडदेखलेपणा कुठून येत होता, ते मला तिथे स्पष्ट दिसलं. मनातलं झाकायला जास्तीची विशेषणं लागत होती. आणि मुलाचा उल्लेख नम्रतेचा वाटला, तरी माईकवर तो दोन मुलांना एकाच तराजूत घालतो. त्या संध्याकाळी दोघंही समोर बसलेली असणार.

तिसऱ्या भेटीत त्या हे घेऊन आल्या:

“चिऊ, हस्ताक्षर स्पर्धेत तुझा दुसरा नंबर आला. मनापासून अभिनंदन!
जूनमध्ये जिन्यात बसून तू पानभर नुसते ‘ळ’ काढत होतीस.
मला विचारलंस, ‘काकू, दोन्ही गोल सारखे आलेत का?’
तेव्हा एक गोल मोठा व्हायचा.
आता तुझं बक्षिसाचं पान पाहिलं. दोन्ही गोल अगदी सारखे आहेत.
उद्याचा सुविचार फळ्यावर तुझ्या अक्षरात वाचायला आम्हाला आवडेल.”

पन्नासच्या आत शब्द. सावकाश वाचलं तरी अर्धा मिनिट. आरतीनंतर लहान मुलं प्रसादाकडे बघत असतात, याहून लांब गेलं की मागची रांग बोलायला लागते.

‘मोठा व्हायचा’ हे वाक्य ठेवावं का, यावर आम्ही बराच वेळ घालवला. मुलाची आधीची चूक चारचौघांत काढायची नसते. इथे ती मुलीनेच स्वतः बोलून दाखवली होती, म्हणून चालते, तरीही तिला आदल्या दिवशी विचारायला सांगितलं. तेव्हाच नावाचंही विचारायचं. घरचं लाडाचं नाव माईकवर काही मुलांना नको असतं. ती म्हणाली, “चिऊ चालेल, चिऊताई नको.” लाजाळू मूल ‘वाचूच नका’ म्हणालं, तर कागद घरी नेऊन हातात द्यायचा. ‘दुसरा नंबर’ सरळ म्हणायचं, पण त्याला ‘पुढच्या वेळी पहिला’ ही शेपूट लावायची नाही. ती लागली की आजचं बक्षीस कमी पडल्यासारखं होतं. आईवडिलांचं कौतुक त्यांच्या दारात, वेगळं.

वाचण्यासाठी कागदावर अक्षर मोठं आणि प्रत्येक वाक्य नव्या ओळीवर. आधी दोनदा मोठ्याने वाचायचं. जिथे जीभ अडखळते किंवा श्वास पुरत नाही, तिथे शब्द बदलायचा किंवा वाक्य तोडायचं. ‘उत्तरोत्तर उत्तुंग’ला ताई दोन्ही वेळा अडखळल्या होत्या. नाव घेतल्यावर मनात दोन अंक मोजायचे, म्हणजे मूल मान वर करतं आणि पुढचं त्याच्याकडे बघून म्हणता येतं. वाचून झालं की ‘आता तू दोन शब्द बोल’ म्हणून माईक तिच्या हातात द्यायचा नाही.

आणि घरी जाताना स्वतःच्या मुलाला ‘बघितलंस ना?’ म्हणायचं नाही. ताईंनी हे पाळलं. जिना चढताना मुलानेच विचारलं, “आई, पानभर नुसता ‘ळ’ काढायचा तिला कंटाळा नाही आला?”

“तिलाच विचार की,” त्या म्हणाल्या.